‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं आणि पुढे चालू लागायचं

प्रश्न: मी 24 वर्षांचा. लातूरहून पुण्याला नोकरीसाठी आलो, पाच महिने झाले. ऑफिसात कुणाला साधं गुड मॉर्निंग म्हणायचं तरी छातीत धडधडतं, मग मोबाइलमध्ये डोकं घालून निघून जातो. सगळे म्हणतात, ‘अरे, बोलत जा.’ पण नेमकं काय बोलायचं आणि दडपण न येता सुरुवात कशी करायची?

उत्तर: पहिले दोन आठवडे गप्पांचा विचारच करू नका. या दोन आठवड्यांत काम एवढंच, की नमस्कार करायचा आणि निघून जायचं. थांबायचं नाही, पुढचं वाक्य शोधायचं नाही.

‘गुड मॉर्निंग’ या दोन शब्दांना खरं तर कुणी घाबरत नाही. ते म्हणायला सेकंदभर लागतो. घाबरवते ती त्यानंतरची पोकळी. समोरचा थांबला तर? त्याने काही विचारलं आणि मला सुचलं नाही तर? डोक्यात नमस्कार आणि गप्पा एकमेकांना बांधलेल्या असतात, म्हणून एक केलं की दुसरं करावंच लागणार असं वाटतं. ही गाठ आधी सोडवायची. त्यासाठी धाडस लागत नाही, जागा नीट निवडावी लागते. जिथे भेट आपोआप संपते, अशी जागा हवी.

ऑफिसात अशा जागा भरपूर असतात. गेटवरचे सिक्युरिटी काका खुर्चीत बसलेले असतात आणि तुम्ही चालत असता, म्हणजे तीन-चार सेकंदांत भेट संपते. लिफ्टमधून बाहेर पडताना उरलेल्यांना ‘चला, बाय’ म्हटलं की दार बंदच होतं. जिन्यावर एक चढतोय आणि दुसरा उतरतोय, तिथेही तेच. उलट पँट्री ही नवशिक्यासाठी वाईट जागा आहे. चहाचं मशीन कप भरेपर्यंत दोघांना शेजारी उभं राहावं लागतं आणि तेवढी शांतता तुम्हाला युगासारखी वाटते. बरेच जण नेमकी पँट्रीतूनच सुरुवात करतात, कारण ‘गप्पा तिथेच होतात’ असं ऐकलेलं असतं. मग पहिल्याच दिवशी तोंडघशी पडल्यासारखं होऊन पुन्हा मोबाइलकडे वळतात. पँट्री नंतर घेऊ.

माणसंही कमी ठेवा. रोज नव्या पाच जणांना नमस्कार करण्यापेक्षा रोज त्याच दोघांना करा, त्याच जागी, साधारण त्याच वेळी. पहिल्या दिवशी समोरचा जरा चमकतो, कारण पाच महिने हा माणूस खाली मान घालून जाताना त्याने पाहिलेला आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला अपेक्षा असते. मग एखाद्या दिवशी तोच आधी मान हलवतो आणि तुमचं निम्मं काम परस्पर होतं. रोज माणूस बदलला तर तुम्ही रोज त्या पहिल्या चमकण्यापाशीच अडकून राहता.

आता प्रत्यक्ष कृती, कारण ‘बोलत जा’ म्हणणारे नेमकी हीच सांगत नाहीत.

लांब पॅसेजमधून कुणी समोरून येत असेल तर सगळ्यात छळणारा प्रश्न असतो, बघायचं कुठे. पंचवीस-तीस फुटांवरून नजर लावून ठेवली तर टक लावल्यासारखं होतं, आणि अजिबात नाही बघितलं तर टाळल्यासारखं. अ‍ॅडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर या अभ्यासकांनी एका वाढदिवसाच्या पार्टीतल्या पाहुण्यांचं चित्रीकरण करून माणसं एकमेकांना कशी भेटतात ते बारकाईने पाहिलं होतं. 1973 साली ते प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं ते असं, की लांबून नजरानजर होते, मान किंवा हात हलतो, मग जवळ येता येता माणसं नजर दुसरीकडे वळवतात आणि अगदी जवळ आल्यावर पुन्हा बघून बोलतात. म्हणजे मधे नजर काढून घेणं हा बुजरेपणा नाही, सगळेच ते करतात. तुम्हीही तेच करा. लांबून दिसला की एकदा बघून हलकी मान हलवा, मग चालण्याच्या दिशेने बघत राहा, आणि सहा-आठ फुटांवर आलात की पुन्हा बघून बोला. मधल्या वेळेत नजर जमिनीवर किंवा मोबाइलवर न्यायची नाही, समोर ठेवायची. खाली गेलेली नजर वेळेवर वर येत नाही आणि तोवर माणूस निघून गेलेला असतो.

बोलण्याआधी श्वास सोडा. दडपणात आपण श्वास रोखून धरतो, त्यामुळे पहिलं अक्षर घशातच राहतं. ‘गुड मॉर्निंग’मधलं फक्त ‘…र्निंग’ बाहेर येतं, समोरचा ‘काय?’ म्हणतो आणि तुम्हाला वाटतं, झाला पचका. हा पचका स्वभावामुळे होत नाही, हवा कमी पडल्यामुळे होतो. अर्धा श्वास बाहेर, थोडा आत, मग शब्द. आवाज इतपत हवा, की दोन खुर्च्या पलीकडे बसलेल्यालाही ऐकू गेलं असतं.

नाव माहीत असेल तर ते आधी घ्या. ‘प्रसाद, गुड मॉर्निंग.’ नाव ऐकल्यावर माणूस वळतो आणि पुढचे शब्द त्याच्यापर्यंत पोचतात. उलट क्रमाने बोललं, तर त्याचं लक्ष जाईपर्यंत नमस्कार संपलेला असतो. नाव माहीत नसेल किंवा विसरलं असेल तर न घेताच बोला. ‘सर’, ‘मॅडम’ची गरज वाटली तर ते लावा. गेटवर ‘काका’, सफाई करणाऱ्या बाईंना ‘मावशी’ किंवा ‘ताई’, जसं आजूबाजूचे म्हणतात तसं.

तू म्हणायचं की तुम्ही, यावरही बरेच जण अडून बसतात. समोरचा वयाने दोन वर्षं मोठा, पण टीममध्ये बरोबरीचा, मग काय करायचं? सुरुवातीला दोन्ही टाळता येतात. ‘चहा झाला?’, ‘जेवण झालं का?’, ‘आज लवकर?’ या वाक्यांत तू नाही की तुम्ही नाही. मराठीत ही सोय आयती आहे आणि ती महिनाभर सहज पुरते. तोवर तो माणूसच कळवतो, कारण तो तुम्हाला काय म्हणतो ते तुम्ही ऐकलेलं असतं. आणि ऑफिसात सगळे ‘हाय’ म्हणत असतील तर तुम्हीही ‘हाय’च म्हणा. वेगळा, खास असा नमस्कार शोधायला गेलात की लक्ष वेधलं जातं, आणि सध्या तेच तुम्हाला नको आहे.

नमस्कार झाल्यावर लक्ष कुठे ठेवायचं, याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी 1995 मध्ये सामाजिक चिंतेची जी मांडणी केली, तिचा गाभा असा: भीती वाटली की माणसाचं लक्ष आत वळतं. चेहरा लाल झाला का, आवाज थरथरला का, मी बावळट दिसलो का, हे तो आतून तपासत बसतो आणि जे वाटतं तेच बाहेर दिसत असणार असं धरून चालतो. समोरचा प्रत्यक्षात हसला, हे त्याने पाहिलेलंच नसतं. म्हणून नमस्कार करताना स्वतःला एक छोटं काम द्या. समोरच्याच्या आयकार्डाची दोरी कोणत्या रंगाची आहे ते बघायचं, किंवा त्याने उत्तर दिलं तेव्हा भुवया वर गेल्या का ते बघायचं. यामुळे धडधड थांबत नाही. धडधडतंच, पण तुम्ही तिच्याकडे बघत नसल्यामुळे ती वाढत नाही.

याच मांडणीत आणखी एक भाग आहे तो म्हणजे बचावाच्या युक्त्या. कानात इअरफोन घालून चालणं, मोबाइल चाळत राहणं, भराभर पाय उचलणं, पुटपुटल्यासारखं बोलणं, वाक्य मनात दहादा घोकणं. या युक्त्यांनी त्या क्षणापुरती सुटका होते, पण समोरच्याला त्यातून ‘याला बोलायचं नाहीये’ असाच निरोप जातो. मग तो बोलत नाही, आणि तुमची समजूत पक्की होते की लोकांना मी आवडत नाही. सगळ्या युक्त्या एकदम सोडायला जाऊ नका, ते जमत नाही. गेट ते लिफ्ट एवढ्याच अंतरात इअरफोन काढून खिशात ठेवा. आठवडाभर तेवढंच. पुढच्या आठवड्यात त्याच अंतरात मोबाइलही खिशात.

आता एक उदाहरण नीट मांडून बघू. समजा तुम्ही शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी निवडला. बॅग ठेवून लॅपटॉप उघडेपर्यंत ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं आणि लगेच पासवर्ड टाकायला लागायचं. लॅपटॉप हाच इथला शेवट. खिशात एक छोटी वही ठेवा आणि नमस्काराच्या आधी एक ओळ लिहा: काय होईल असं वाटतं आणि किती खात्रीने. उदाहरणार्थ, ‘बघून न बघितल्यासारखं करेल, 80 टक्के.’ झाल्यावर दुसरी ओळ. या दुसऱ्या ओळीला एक कडक अट आहे. भिंतीवरच्या सीसीटीव्हीत जे दिसलं किंवा ऐकू आलं असतं तेवढंच लिहायचं. ‘त्याने मान वर केली, मॉर्निंग म्हणाला, परत स्क्रीनकडे बघितलं’ हे चालेल. ‘त्याला मी विचित्र वाटलो’ हे चालणार नाही, कारण ते कॅमेऱ्यात येत नाही.

सोमवारी तो ‘मॉर्निंग’ म्हणाला. मंगळवारी काहीच नाही. इथे बहुतेकांचा पाय घसरतो, मंगळवारवरून ते सोमवारही खोटा ठरवतात. वहीत कॅमेऱ्याची ओळ नीट लिहिली असेल तर दिसतं: ‘कानात हेडसेट, स्क्रीनवर कॉल चालू.’ म्हणजे त्याने ऐकलंच नव्हतं. बुधवारी तुम्ही त्याच्या नजरेच्या टप्प्यात येऊन बोललात, तो ‘हाय’ म्हणाला. गुरुवारी तुम्हाला उशीर झाला, तर तो म्हणाला, ‘आज उशीर?’ शुक्रवारी तुमचा 80 चा आकडा आपोआप 50 वर आलेला असतो. आणला नसेल तरी हरकत नाही, ओढूनताणून कमी लिहू नका. आकडा घटनांच्या मागून चालतो आणि बऱ्याचदा आठवडाभर मागे असतो.

उत्तर आलं नाही तर त्याच क्षणी पुन्हा मोठ्याने म्हणायचं नाही. दुसऱ्या दिवशी समोरून, नजर मिळाल्यावर. समोरासमोर, हेडसेट नसताना, नजर मिळूनही लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही तर तो माणूस सोडा आणि दुसरा निवडा. तीनदा, एकदा नाही. काही माणसं सकाळी कुणाशीच बोलत नाहीत. ती इतरांशी कशी वागतात ते आठवडाभर बघितलं की कळतं.

एकाच दिवशी तोच माणूस तिसऱ्यांदा पॅसेजमध्ये भेटला तर काय, हा प्रश्न हसण्यासारखा वाटेल, पण तो फार जणांना छळतो. शब्द पहिल्या भेटीला, दुसऱ्या भेटीला मान हलवायची, तिसऱ्यापासून नुसती भुवई किंवा ओठांची हालचाल. प्रत्येक वेळी नवीन काही बोलायची गरज नसते, कुणीच बोलत नाही.

दोन आठवड्यांनी, किंवा नमस्कार करताना धडधड तुमच्या मापाने निम्म्यावर आली की, शेपूट जोडा. एकच वाक्य. त्याला तीन अटी: ज्याबद्दल बोलताय ते दोघांच्या समोर असावं, उत्तर दोन-तीन शब्दांत देता यावं आणि तुमचं निरोपाचं वाक्य आधीच तयार असावं. ‘गुड मॉर्निंग. बाहेर पाऊस लागला का?’ ‘हो, नुकताच.’ ‘अरे बापरे. चला, लॉगिन करतो.’ झालं. ‘एसी आज जरा जास्तच आहे ना?’, ‘मशीन सुरू झालं का?’, ‘लिफ्ट आजही एकच चालू?’ ही सगळी चालणारी वाक्यं आहेत. नीरस वाटतात, आणि तीच त्यांची खुबी आहे. त्यांत चूक करायला जागाच नाही. ‘चला’ हा शब्द तर सोन्यासारखा जपा. तो कुठल्याही वाक्यानंतर बसतो, कुणाला तुटक वाटत नाही आणि तुमच्या हातात दाराची किल्ली राहते.

आपल्याकडचा सवयीचा पहिला प्रश्न ‘गाव कोणतं?’ मात्र या टप्प्यावर टाळलेला बरा. एकतर तो लगेच तुमच्यावर उलटतो आणि पाच प्रश्नांची मालिका सुरू होते, ज्यासाठी तुम्ही अजून तयार नाही. दुसरं म्हणजे गाव आणि आडनाव एकापाठोपाठ विचारलं, की समोरच्याला जात काढल्यासारखं वाटू शकतं. लग्न, पगार, भाडं किती देता, हे तर दूरच ठेवा. डब्याचा विषय छान आहे, पण शेजारी बसून जेवायला लागल्यावर.

पँट्री आता घ्या, कप हातात घेऊन. आधी कप मशीनखाली ठेवा, मग शेपटाचं वाक्य बोला. कप भरला की भेट संपते, म्हणजे शेवट पुन्हा जागेनेच दिला. शांतता झाली तर होऊ द्या. दोन माणसं मशीनकडे बघत गप्प उभी आहेत, यात चमत्कारिक काहीच नाही.

संध्याकाळी खोलीवर गेल्यावर एक नवीनच प्रकार सुरू होतो, सकाळच्या तीन सेकंदांची तासभर उजळणी. ‘मी अरे बापरे का म्हणालो?’ ही उजळणी आठवण ताजी ठेवत नाही, ती बिघडवते. प्रत्येक फेरीत प्रसंग थोडा अधिक वाईट होतो. तेव्हा वही उघडून कॅमेऱ्याची ओळ एकदा वाचायची आणि उठून दुसरं काम करायचं, भांडी, कपडे, घरी फोन, काहीही. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये अनोळखी लोकांच्या संभाषणांवर केलेल्या संशोधनात आढळलं, की बोलणं झाल्यावर समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज माणसं प्रत्यक्षापेक्षा कमी धरतात. म्हणजे रात्री तुम्ही स्वतःला जे गुण देता, ते समोरच्याने दिलेल्या गुणांपेक्षा बहुधा कमीच असतात.

मोबाइलवर सुरुवात सोपी वाटते, पण तिथे वेगळा घोटाळा होतो. नुसतं ‘हाय’ पाठवलं, की समोरच्याला काय हवंय ते कळत नाही, तो नंतर बघू म्हणतो आणि तुम्ही निळ्या खुणांकडे टक लावून बसता. नमस्कार, तुम्ही कोण, काय हवंय आणि ‘घाई नाही’ हे एकाच मेसेजमध्ये लिहा: ‘नमस्कार, मी चौथ्या मजल्यावर टेस्टिंगला आहे. उद्याच्या मीटिंगची खोली कोणती ते सांगाल का? घाई नाही.’ पाठवला की त्या चॅटमधून बाहेर या. आणि जो माणूस शेजारी बसतो, त्याला मेसेजने गुड मॉर्निंग करू नका. ती बचावाचीच युक्ती झाली.

हे सगळं कुणासाठी पुरतं आणि कुणासाठी नाही, तेही सांगतो. संकोच आहे, पण मीटिंगला जाता, फोन घेता, चारचौघांत जेवता, तर वरचा क्रम सहा ते आठ आठवडे नेटाने करून बघा. पण चारचौघांत खाणं, फोन उचलणं, मीटिंगमध्ये नाव सांगणं हेही टळत असेल, सहा महिन्यांहून जास्त काळ असंच चाललं असेल, किंवा भीतीमुळे रजा पडत असतील, बढतीला नाही म्हटलं जात असेल, तर तो सामाजिक चिंता विकार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे वर्तन आणि विचारांवर काम करणारी सीबीटी होते, गरज असेल तर मनोविकारतज्ज्ञ औषध देतात. ऑफिसच्या पार्टीत दोन पेग घेतल्याशिवाय बोलता येत नसेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, त्यावरून उपचाराची दिशा बदलते. शब्द अडखळत असतील, म्हणजे पहिलं अक्षर अडून राहत असेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञाला आधी दाखवा. तोतरेपणावरचे व्यायाम वेगळे असतात आणि वरचा श्वासाचा उपाय त्याला पुरत नाही. समोरासमोर जाणंच अवघड वाटत असेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तिथेही पहिलं वाक्य ‘नमस्कार, मला लोकांशी बोलायची भीती वाटते’ एवढंच पुरे, पुढचं विचारून घेणं हे त्यांचं काम आहे.